पान्हा गोळी पेंड

दुभत्या गाई-म्हशींसाठी संतुलित पशुखाद्य
८ मिलिमीटर गोळी • निव्वळ वजन ५० किलो

पुरेशी वैरण, मुबलक पाणी आणि दुधाच्या मापाने दिलेला खुराक यांच्या जोडीने ‘पान्हा’ जनावराला त्याच्या अंगी असलेल्या क्षमतेइतके दूध देण्यास मदत करते. या गोणीवर ‘दूध दुप्पट’ असे कुठेही लिहिलेले नाही. त्याचे कारण मागच्या बाजूस दिले आहे, ते पेंड घेण्यापूर्वी वाचावे.

दूध किती वाढेल?

हा प्रश्न प्रत्येक पशुपालक विचारतो आणि त्याचे एकच एक उत्तर देता येत नाही. जी गाय आजवर नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यांवर होती, तिला प्रथिने, ऊर्जा आणि खनिजे एकत्र मिळू लागली की दुधात फरक दिसण्याची शक्यता चांगली असते, कारण तिची क्षमता शिल्लक असते आणि अडत असतो तो खुराक. उलट ज्या गाईला आधीपासून चांगला मूरघास, लसूणघास आणि मोजून पेंड मिळते आहे, तिची पेंड बदलून फार मोठा फरक पडेल असे आम्ही सांगणार नाही. तिथे ‘पान्हा’चा उपयोग आहे तेच दूध टिकवण्यासाठी आणि जनावराचे अंग राखण्यासाठी.

वेताचे दिवसही पाहावे लागतात. व्याल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दूध सर्वात जास्त येते आणि पुढे ते हळूहळू उतरत जाते. हा उतार निसर्गाचा आहे. चांगल्या खुराकाने तो सावकाश होतो, थांबत नाही. म्हणून आठव्या महिन्यातल्या गाईचे दूध ताज्या व्यालेल्या गाईशी ताडून पेंडीला चांगले किंवा वाईट ठरवू नये. जात, वेत, उन्हाचा ताण, गोचीड, जंत, कासेचा आजार यांचाही वाटा असतो आणि यांपैकी कशावरही पेंड हा इलाज नाही. दगडी झालेल्या कासेला किंवा दूध एकाएकी निम्म्यावर आलेल्या जनावराला पशुवैद्यक लागतो.

फॅटविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण डेअरीवर फॅट कमी लागली की पहिला संशय पेंडीवर जातो. दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग चाऱ्यातील तंतूंपासून तयार होतो. वैरण कमी आणि पेंड जास्त झाली की पोटात आम्लता वाढते, जनावर रवंथ कमी करते, शेण पातळ पडते आणि फॅट उतरते. अशा वेळी पेंड वाढवल्यास नुकसानच होते. आधी गव्हाणीत सुकी वैरण वाढवावी.

गोणीत काय आहे

मका, गव्हाचा भुसा, तेल काढलेला भाताचा कोंडा, राईस पॉलिश, सरकी पेंड, सोयाबीन पेंड, मोहरी पेंड, तूर व हरभरा चुनी, मळी, कॅल्साइट, मीठ, खनिज मिश्रण आणि अ, ड३ व ई ही जीवनसत्त्वे. बाजारातील उपलब्धतेनुसार धान्य आणि पेंडी यांचे आपापसांतील प्रमाण थोडे बदलते, त्यामुळे एका गोणीचा रंग दुसरीपेक्षा किंचित गडद किंवा फिका दिसू शकतो. पुढे दिलेल्या मर्यादा मात्र प्रत्येक बॅचला लागू आहेत.

कच्ची प्रथिने किमान २० टक्के, स्निग्धांश किमान २.५ टक्के, कच्चे तंतू कमाल १२ टक्के, ओलावा कमाल ११ टक्के, आम्लात न विरघळणारी राख कमाल ४ टक्के, अफ्लाटॉक्सिन बी१ कमाल २० पीपीबी. आम्लात न विरघळणारी राख म्हणजे मुख्यतः रेती आणि माती. कोणतीही पेंड विकत घेताना हा आकडा अवश्य वाचावा, कारण रेतीचे वजन तुम्ही पेंडीच्या भावाने घेत असता.

या पेंडीत युरिया कमाल १ टक्का आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव मर्यादित युरियापासून प्रथिने तयार करतात. मात्र वरून वेगळा युरिया कधीही टाकू नये, कारण त्याने विषबाधा होऊन जनावर दगावू शकते. मांस किंवा हाडांचा चुरा, संप्रेरके आणि प्रतिजैविके या पेंडीत घातलेली नाहीत.

किती द्यावी

शरीर राखण्यासाठी रोज सुमारे २ किलो, आणि त्यावर गाईला प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम, असा साधारण हिशोब आहे. म्हणजे १० लिटर दूध देणाऱ्या ४०० ते ४५० किलो वजनाच्या संकरित गाईला ६ किलो पेंड लागेल, आणि ८ लिटरच्या पंढरपुरी किंवा मुऱ्हा म्हशीलाही तेवढीच. त्यासोबत सुमारे २० किलो हिरवी आणि ५ किलो सुकी वैरण धरलेली आहे. खिलार किंवा अन्य लहान अंगाच्या देशी गाईला शरीरासाठी १ ते १.५ किलो पुरते. लसूणघासासारखी द्विदल वैरण भरपूर असेल तर पेंड कमी करता येते, आणि ती करावी.

दिवसाची पेंड एकाच वेळी न देता दोन किंवा तीन वेळा विभागून द्यावी. उन्हाळ्यात मोठा वाटा पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावा, कारण दुपारच्या उन्हात जनावर नीट खात नाही. ताज्या व्यालेल्या गाईची पेंड एकदम वाढवू नये. ती खाईल तसतशी अर्ध्या अर्ध्या किलोने वाढवत न्यावी. गाभण जनावराला शेवटच्या दोन महिन्यांत, दूध आटवल्यानंतरही, शरीराच्या खुराकावर १ ते १.५ किलो पेंड द्यावी. हीच पेंड बहुतेक गोठ्यांत पहिल्यांदा बंद केली जाते, आणि त्याची किंमत पुढच्या वेतात मोजावी लागते.

पेंड घमेल्याने नव्हे, काट्याने मोजावी. एकच घमेले गोळी पेंडीने भरले आणि भुशाने भरले तर वजनात पुष्कळ अंतर पडते. एकदा काट्यावर तोलून घमेल्याच्या आत रंगाची खूण करून ठेवली की पुढे रोज तोलण्याची गरज उरत नाही.

पाणी मोजके ठेवून पेंड वाढवण्यात अर्थ नाही. प्रत्येक लिटर दुधामागे जनावराला ४ ते ५ लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. मुक्त गोठा नसेल तर दावणीपाशी दिवसभर पाणी राहील अशी सोय करावी. उसाच्या वाढ्यांवर भर असलेल्या गोठ्यात खनिज मिश्रण वेगळे द्यावे लागते, कारण वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. त्याची मात्रा आपल्या पशुवैद्यकाला विचारावी.

जुनी पेंड बदलताना

पोटातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय होण्यास वेळ लागतो. पहिले तीन-चार दिवस एक चतुर्थांश ‘पान्हा’ आणि उरलेली जुनी पेंड, नंतर निम्मी-निम्मी, नंतर तीन चतुर्थांश, असे करत दहा ते पंधरा दिवसांत पूर्ण बदल करावा. या काळात दूध थोडे वर-खाली होऊ शकते.

पेंडीची पारख त्यानंतर करावी. सुरुवात करण्यापूर्वीच्या दहा दिवसांच्या डेअरीच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि पूर्ण बदलानंतरच्या दहा दिवसांशी लिटर, फॅट आणि एसएनएफ ताडून पाहावे. पैशांचा हिशोबही तिथेच करावा. ५० किलोच्या गोणीची किंमत १,६५० रुपये आहे, म्हणजे किलोला ३३ रुपये पडतात. डेअरी लिटरला ३३ रुपये देत असेल आणि तुम्ही पेंड एक किलोने वाढवली, तर रोजचे दूध निदान एक लिटरने वाढले तरच तो किलो स्वतःचा खर्च भरून काढतो. वाढलेल्या पेंडीवर दूध वाढत नसेल आणि जनावर अंगानेही भरत नसेल, तर तो वाढीव किलो बंद करावा. हे आम्ही आमच्या विक्रीच्या विरोधात लिहीत आहोत याची आम्हाला जाणीव आहे.

कोणाला देऊ नये

सहा महिन्यांखालील वासरे-पारड्या, घोडे, गाढवे आणि डुकरे यांना ही पेंड देऊ नये. मेंढ्यांनाही देऊ नये, कारण गाईंसाठी घातलेले तांब्याचे प्रमाण मेंढ्यांना सोसत नाही. उपाशी किंवा आजारी जनावराला एकदम जास्त पेंड घालू नये. जनावर सुटून गोणीला तोंड लावणार नाही अशा जागी पेंड ठेवावी, आणि तसे घडून पोट फुगले तर ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे.

साठवण

गोण्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर रचाव्यात. पावसाळ्यात लागेल तेवढीच पेंड आणावी आणि फोडलेल्या गोणीचे तोंड प्रत्येक वेळी बांधावे. मूठभर गोळी हातात घेऊन पाहिल्यास ती कोरडी व टणक लागते आणि तिला मळीचा गोडसर वास येतो. तळाशी थोडा चुरा असणे स्वाभाविक आहे. गोळ्या एकमेकींना चिकटून गड्डे झाले असतील, त्यांवर पांढरट किंवा हिरवट बुरशी असेल किंवा कुबट वास येत असेल, तर ती पेंड कोणत्याही जनावराला देऊ नये. उन्हात वाळवूनही देऊ नये, कारण ऊन दाखवल्याने बुरशीचे विष गेले असे समजता येत नाही. ते गाईच्या शरीरातून अफ्लाटॉक्सिन एम१ या रूपात दुधात उतरते आणि दूध उकळल्यानेही जात नाही. दुधातील त्याची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

तक्रार असल्यास

उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक गोणीच्या तोंडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर छापलेले आहेत. ही चिठ्ठी गोणी संपेपर्यंत फेकू नये. पेंड उत्पादनाच्या तारखेपासून ९० दिवसांत वापरावी. प्रत्येक बॅचचा नमुना कारखान्यात त्यानंतरही ३० दिवस राखून ठेवला जातो. वजन कमी भरल्यास, शिवण उसवलेली असल्यास किंवा पेंड खराब निघाल्यास चिठ्ठी आणि किलोभर नमुना घेऊन जिथून गोणी घेतली त्या दूध संस्थेत किंवा दुकानात तक्रार नोंदवावी. राखलेल्या नमुन्याशी तपासणी करून त्याचा अहवाल लेखी दिला जाईल, आणि दोष आमचा ठरल्यास गोणी बदलून मिळेल. दूध अपेक्षेइतके वाढले नाही या कारणासाठी गोणी बदलून मिळत नाही.

किरकोळ विक्रीची कमाल किंमत १,६५० रुपये, सर्व करांसह. उत्पादन स्थळ : सांगोला, जिल्हा सोलापूर. फक्त पशुखाद्य म्हणून वापरण्यासाठी, मानवी आहारासाठी नाही. गोणीला हुक लावू नये.