स्पॉन्सरशिपचा करार संपवण्याबाबत पत्र आणि शिल्लक पैसे परत करायच्या अटी

दिनांक 5 जानेवारी 2026
मुक्काम तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव

प्रति,
मालक, उद्यमबाग, बेळगाव
(आमच्या मुलींच्या कबड्डी संघाचे स्पॉन्सर)

अण्णा, नमस्कार.

10 जून 2025 ला तुमच्या फर्ममध्ये आणि आमच्या मंडळात झालेला स्पॉन्सरशिपचा करार मंडळ संपवायलंय, ते कळवायला हे पत्र. करारात 30 दिवसांची लेखी नोटीस द्यायची असं ठरलंय, म्हणून करार 4 फेब्रुवारी 2026 ला संपेल, आणि शनिवारच्या मीटिंगमध्ये कमिटीनं हे एकमतानं ठरवलंय, एकट्या माझ्या मनातलं नाही. व्हॉट्सअपवर पाठवतोय आणि छापील कॉपी उद्या कोणीतरी आणून देईल, त्यावर पोच म्हणून सही करा.

कारण तुम्हाला माहीत आहे, तरी कागदावर असावं म्हणून लिहितो. तुम्ही जिल्हा पंचायतीला उभं राहायचं ठरवलंय, चांगली गोष्ट आहे, त्यावर मंडळाला काही म्हणायचं नाही. पण डिसेंबरमध्ये तुमच्याकडून निरोप आला की नव्या जर्सीवर फर्मच्या नावाऐवजी तुमचा फोटो यावा आणि प्रचाराच्या दोन कार्यक्रमांना मुलींनी जर्सी घालून यावं. हे आम्ही करू शकत नाही ओ. करारात जर्सीवर फर्मचं नाव आणि लोगो एवढंच आहे. संघात 14 मुली आहेत, त्यातल्या 9 जणी 18 वर्षाच्या आतल्या, काही मराठी घरातल्या तर काही कन्नड घरातल्या, कोणाचे वडील एका पार्टीत तर कोणाचा काका दुसऱ्या. ह्या मुली एका मॅटवर एकमेकींचा हात धरून साखळी करतात ते घरचं राजकारण बाहेर ठेवून, आणि एकदा का छातीवर कुणाचा फोटो आला की दुसऱ्या दिवशी निम्म्या घरातनं मुलींना प्रॅक्टिसला पाठवायचं बंद होणार. त्यात दहावी बारावीच्या मुलींची परीक्षा तोंडावर आहे. पालकांना विचारलं, एकानंही हो म्हटलं नाही.

तुम्ही केलेली मदत कोणी विसरणार नाही. पावसाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस करताना मुलींच्या पायात पहिल्यांदा कबड्डीचे बूट आले ते तुमच्यामुळं, आणि हे मी मनापासून लिहायलोय. म्हणूनच पैशाचा हिशोब एकदम चोख असावा असं मंडळाला वाटतंय.

आता हिशोब.

करार 3,00,000 रुपयांचा, दोन हप्त्यात. पहिला हप्ता 2,00,000 चा, त्यातले 2 टक्के म्हणजे 4,000 टीडीएस कापून 1,96,000 आमच्या खात्यावर 12 जूनला जमा झाले. दुसरा 1,00,000 चा हप्ता 15 जानेवारीला द्यायचा आहे, तो पाठवू नका. ऑफिसकडून चुकून पाठवला गेला तर जेवढे खात्यावर येतील तेवढे 3 दिवसात परत पाठवू, आणि त्याबद्दल मंडळ पुढं कधी मागणी करणार नाही.

31 डिसेंबर 2025 पर्यंत खर्च झाला तो असा. प्रत्येकीला दोन प्रमाणे 28 जर्सी शॉर्टसकट, एका सेटला 650, एकूण 18,200. ट्रॅकसूट 14, प्रत्येकी 1,100, म्हणजे 15,400. बूट 14 जोड, 1,250 ला एक, 17,500. कोचचं मानधन महिना 6,000 प्रमाणे जुलै ते डिसेंबर 36,000. चंदगड, हल्याळ आणि बेळगावच्या स्पर्धांना जायची गाडी, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल धरून 21,400. दूध, अंडी, केळी 12,600. तुमच्या नावाचा कापडी बॅनर आणि मैदानावरचा बोर्ड 2,900. सगळं मिळून 1,24,000. बिलं, व्हाउचर, कोचच्या सह्या आणि बँकेचं स्टेटमेंट ह्यांची फाईल छापील पत्रासोबत देतोय, तुमच्या अकाउंटंटला दाखवा, एखादा आकडा पटला नाही तर 15 दिवसात लेखी कळवा. गाडीच्या दोन फेऱ्यांचं पक्कं बिल नाही, ड्रायव्हरच्या सहीची पावती आहे, ती वेगळी लावलीय म्हणजे शोधायला लागणार नाही.

नोटीसच्या काळातलं जानेवारीचं कोचचं मानधन 6,000 ह्या पैशातनं जाईल, कारण करार चालू आहे आणि कोच रोज येतोच आहे. फेब्रुवारीचे चार दिवस आम्ही धरत नाही. म्हणजे एकूण खर्च 1,30,000 आणि न वापरलेली रक्कम 70,000.

ह्या 70,000 बद्दल थोडं सविस्तर सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या गैरसमज होईल. खात्यावर आज 57,000 आहेत, कोचचे गेल्यावर 51,000 राहतील. 15,000 मॅटच्या व्यापाऱ्याला ऑगस्टमध्ये आगाऊ दिलेत. मॅट अजून आलेली नाही, त्यामुळं हा खर्च झाला असं आम्ही मानत नाही, दिलेला ॲडव्हान्स आणि झालेला खर्च ह्यात फरक आहे. मॅट आम्ही घेणारच, पण आता गावच्या वर्गणीतनं घेणार, तेव्हा हे 15,000 तुमचे तुम्हाला परत. उरलेले 4,000 म्हणजे तुम्ही कापलेला टीडीएस, तो आमच्या पॅनवर जमा दिसतोय, हातात आलेला नाही. मंडळाचं रिटर्न भरून रिफंड आला की तेही तुमचेच. कायद्यानं टीडीएस आमच्या नावावर आहे म्हणून ठेवून घेता आला असता असं एकानं मीटिंगमध्ये सुचवलं होतं, पण न वापरलेली रक्कम परत म्हणजे पूर्ण परत, असं कमिटीनं ठरवलं.

परत करायच्या अटी अशा. 51,000 रुपये 11 फेब्रुवारी 2026 पर्यंत. 15,000 रुपये 10 मार्च 2026 पर्यंत, वर्गणी गोळा व्हायला तेवढा वेळ लागेल. हे 15,000 तारखेला दिले नाहीत तर पुढं महिन्याला 1 टक्का साधं व्याज मंडळ देईल. 4,000 रुपये रिफंड खात्यावर आल्यापासून 10 दिवसात, आणि रिटर्न आम्ही वेळेत भरू, टाळाटाळ करणार नाही. काही कारणानं रिफंड कमी आला किंवा अडकला तरी 31 डिसेंबर 2026 च्या आत मंडळ स्वतःच्या पैशातनं भागवेल. सगळे पैसे ज्या खात्यातनं आले त्याच फर्मच्या खात्यावर जातील, रोख कोणाच्या हातात देणार नाही आणि दुसऱ्या कोणाच्या खात्यावरही नाही, अगदी तुम्ही फोनवर सांगितलं तरी नाही, लेखी पाहिजे. प्रत्येक वेळी पैसे पोचले की फर्मच्या लेटरहेडवर पावती द्या.

जीएसटीचं म्हणाल तर मंडळ रजिस्टर्ड नाही, आम्ही जीएसटीचं बिल दिलेलं नाही आणि त्या नावानं काही घेतलेलंही नाही. तुमची पार्टनरशिप फर्म असल्यामुळं रिव्हर्स चार्जनं तुम्ही काही भरलं असेल तर परत आलेल्या रकमेचं काय करायचं ते तुमच्या सीएला विचारा, लागेल तो कागद आम्ही देऊ.

जर्सी, ट्रॅकसूट आणि बूट मुलींकडंच राहतील, ते घालून झिजलेत आणि ते परत मागू नयेत ही विनंती नाही, अट आहे. पण 4 फेब्रुवारीनंतर तुमच्या लोगोची जर्सी कुठल्याही मॅचला घालणार नाही, लोगोवर कापडाचा पॅच शिवून घेतोय, त्याचा खर्च आमचा. मैदानावरचा बोर्ड उतरवून बॅनरसकट तुमच्या गोडाऊनला पोचवतो. मंडळाच्या पेजवर तुमचे आभार मानलेल्या जुन्या पोस्ट तशाच राहतील, त्या खऱ्या आहेत.

एका गोष्टीवर मात्र मंडळ अडून बसणार आहे. मुलींचे फोटो आणि व्हिडिओ आजपासून तुमच्या प्रचारात, बॅनरवर, स्टेटसवर किंवा पत्रकात वापरायचे नाहीत. पालकांनी दिलेली परवानगी खेळाच्या आणि फर्मच्या जाहिरातीसाठी होती, ती 4 फेब्रुवारीला संपते आणि प्रचारासाठी ती कधीच नव्हती. नोव्हेंबरात बेळगावला काढलेला ट्रॉफीचा ग्रुप फोटो तुमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपमध्ये फिरायलाय असं कळलंय, तो 2 दिवसात काढायला सांगा. मुलींच्या गावात, त्यांच्या शाळेत ह्याची चर्चा होते, तुम्ही घरात मुली वाढवलेला माणूस आहात, तुम्हाला समजेल.

ह्याशिवाय कोणाचं कोणाकडं काही येणं नाही. अर्धवट करार संपवला म्हणून तुम्ही नुकसानभरपाई मागायची नाही, दुसरा हप्ता आला नाही म्हणून आम्ही मागायची नाही. खाली तुम्ही सही केलीत की भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 62 प्रमाणे दोघांच्या संमतीनं जुना करार रद्द झाला असं धरलं जाईल, आणि पैसे परत करायच्या व फोटोच्या अटी त्यानंतरही लागू राहतील. सही केली नाहीत तरी नोटीसच्या कलमानं 4 फेब्रुवारीला करार संपतोच आणि पैसे आम्ही वरच्या तारखांना पाठवणारच, त्यात अडवाअडवी नाही. वाद झाला तर आधी दोन्हीकडचे दोघं दोघं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसून बोलू, 30 दिवसात मिटलं नाही तर खानापूरच्या कोर्टात. पत्राच्या दोन कॉपी, मराठीतली मूळ, एक तुमच्याकडं एक आमच्याकडं. कमिटी बदलली तरी नव्या कमिटीवर हे बंधनकारक आहे, मंडळ कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा 1960 खाली रजिस्टर्ड आहे आणि ठराव मिनिट्स बुकात लिहिलाय.

मे महिन्यात गावात मुलींची स्पर्धा घेतोय. मॅच बघायला या, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो, पण त्या दिवशी कुठल्याच पार्टीचा झेंडा मैदानात नको, हे सगळ्यांनाच सांगतोय.

आपले,
सेक्रेटरी (सही)
अध्यक्ष (सही)
खजिनदार (सही)
मंडळाचा शिक्का

पोच आणि संमती:
पत्र, हिशोब आणि बिलांची फाईल मिळाली. करार 4 फेब्रुवारी 2026 ला संपवायला, रुपये 51,000, 15,000 आणि 4,000 असे एकूण 70,000 वरच्या तारखांना परत घ्यायला, आणि मुलींचे फोटो न वापरायला फर्मची संमती आहे.

फर्मतर्फे पार्टनर (सही आणि शिक्का)
साक्षीदार: संघाचा कोच (सही), पालकांतर्फे एक (सही)