टँकरच्या बिलांबाबत चौकशी समितीचा अहवाल

प्रति: आपल्या गृहनिर्माण संस्थेचे सर्व सभासद, घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)
सादर: ११ ऑगस्ट २०२४
निर्णयासाठी: विशेष सर्वसाधारण सभा, २५ ऑगस्ट २०२४

सभेने आधी हे वाचावे

१ मार्च ते ३१ मे २०२४ या काळात संस्थेने ४१२ टँकरचे पैसे दिले. त्यातले ७४ टँकर आपल्या गेटातून आत आलेच नाहीत, असे आम्हाला पुराव्यावरून दिसते. टँकरचा दर २,४०० रुपये होता, त्यामुळे संस्थेचे १,७७,६०० रुपये नाहक गेले. मॅनेजरनी न पाहता चलनांवर सह्या केल्या, हे सिद्ध झाले. एप्रिलच्या मध्यानंतर गडबड कानावर येऊनही त्यांनी ती तपासली नाही, हेही सिद्ध झाले. तत्कालीन सचिवांनी पैसे घेतले, हा आरोप सिद्ध झालेला नाही. सभेला तीन गोष्टी ठरवायच्या आहेत: पुरवठादाराकडून वसुली, मॅनेजरवरील कारवाई आणि टँकर मोजण्याची नवी पद्धत.

अहवालात कोणाचेही नाव घातलेले नाही, सगळीकडे पदांचा उल्लेख आहे. नावांची यादी सीलबंद पाकिटात अध्यक्षांकडे दिली आहे. हा कागद छापून निघाला की तासाभरात सगळ्या विंगच्या ग्रुपवर फिरेल, हे आम्ही जाणतो. ज्यांच्यावरचा आरोप टिकला नाही त्यांचे नाव असे फिरू नये.

१. आरोप

२७ मे रोजी सत्तावीस सभासदांनी सहीनिशी अर्ज दिला. १६ जूनच्या विशेष सभेने आमची तिघांची समिती नेमली: एक निवृत्त लेखापरीक्षक, एक वकील आणि एक शिक्षिका. आमच्यातले वकील सदस्य तत्कालीन सचिवांच्याच मजल्यावर राहतात. हे सभेला तेव्हाच सांगितले होते आणि सभेने ते मान्य केले होते.

अर्जातले आरोप असे:

(अ) न आलेल्या टँकरचे पैसे दिले गेले.
(आ) मॅनेजरनी जाणूनबुजून खोट्या चलनांवर सह्या केल्या.
(इ) तत्कालीन सचिवांनी पुरवठादाराकडून पैसे घेतले.
(ई) दरपत्रके न मागवता काम एकाच पुरवठादाराला दिले.
(उ) टँकरचे पाणी ए विंगला जास्त सोडले गेले.

शेवटच्या आरोपाचा निकाल इथेच देतो. चारही विंगचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडले जातात आणि ए विंगला वेगळी लाइन नाही. आम्ही दोन दिवस पंपरूममध्ये उभे राहून हे पाहिले. हा आरोप सिद्ध होत नाही.

२. पुरावा

पुरवठादाराची तीन महिन्यांची बिले आणि ४१२ चलने आमच्यापुढे आहेत. सगळ्या चलनांवर मॅनेजरची सही आहे. त्यातल्या ३३७ चलनांवर गेटवरच्या सुरक्षारक्षकाचीही सही आहे.

गेटच्या रजिस्टरमध्ये टँकरच्या ३३१ नोंदी आहेत. महिनावार आकडे असे:

मार्च: बिलात ११८, रजिस्टरमध्ये १०४
एप्रिल: बिलात १३९, रजिस्टरमध्ये ११२
मे: बिलात १५५, रजिस्टरमध्ये ११५

मार्चमध्ये १४ टँकरचा फरक होता, एप्रिलमध्ये २७ झाला, मेमध्ये ४०. ऊन वाढले, पालिकेचे पाणी कमी दाबाने येऊ लागले, टँकर रोजचेच झाले आणि त्याबरोबर हा फरकही वाढत गेला.

या रजिस्टरबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण निष्कर्षाचा सगळा भार त्याच्यावर आहे. दिवसपाळीच्या सुरक्षारक्षक बाई प्रत्येक टँकरच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे, आत आल्याची वेळ आणि बाहेर गेल्याची वेळ लिहितात. एखादी वेळ चुकली की त्या खाडाखोड करत नाहीत. एक रेघ मारून वर बरोबर वेळ लिहितात. काही पानांवर ओल्या बोटांचे डाग आहेत, कारण टँकरचा पाइप जोडताना त्या स्वतः हात देतात. मागून बसून भरलेली वही अशी दिसत नाही.

कॅमेऱ्यांचे चित्रण यंत्रात एकवीस दिवसच राहते. अर्ज आला त्याच संध्याकाळी दोन सभासदांसमोर ७ ते २७ मे या काळाचे चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून सीलबंद केले. या एकवीस दिवसांत बिलात १०४ टँकर आहेत, रजिस्टरमध्ये ७७ आणि चित्रणात ७८.

आम्ही सात जणांचे जबाब नोंदवले. मॅनेजर आणि तत्कालीन सचिव यांना ४ जुलैला आरोप आणि पुराव्याच्या प्रती दिल्या. १४ जुलैला दोघांचे म्हणणे ऐकले. दोघेही वेळेवर आले आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली. पुरवठादाराला दोनदा लेखी बोलावले, ते आले नाहीत.

३. पुराव्याचा विचार

आम्ही फौजदारी न्यायालय नाही. घडले असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तर आरोप सिद्ध मानला. पुरावा तिथवर पोचला नाही, तर संशय कितीही दाट असो, सिद्ध मानले नाही.

*बिले खरी की रजिस्टर?* एकवीस दिवसांचे चित्रण हा यातला तिसरा, तटस्थ साक्षीदार आहे. त्यात रजिस्टर ७८ पैकी ७७ वेळा बरोबर निघाले आणि बिले २६ टँकर जास्त दाखवतात. जी वही या एकवीस दिवसांत इतकी नेमकी आहे, ती बाकीच्या दिवसांतही तितकीच विश्वासार्ह मानायला आम्हाला अडचण वाटत नाही. शिवाय टँकर वगळून पैसे खिशात घालायचे, तर ती वही लिहिणाऱ्या बाईंना त्यातून एक रुपयाही मिळणार नव्हता.

एक दिवस जवळून पाहू. १८ मेच्या चलनांनुसार सकाळी ६.१० ते ७.४५ या वेळात नऊ टँकर रिकामे झाले. आपल्या भूमिगत टाकीला भरणीचे तोंड एकच आहे आणि बी विंगच्या बाजूच्या उतारावर एका वेळी एकच टँकर उभा राहू शकतो. दहा हजार लिटरचा टँकर रिकामा व्हायला किती वेळ लागतो, हे आम्ही घड्याळ लावून तीनदा मोजले: २२, २४ आणि २६ मिनिटे. सर्वांत कमी वेळ धरली तरी नऊ टँकरना १९८ मिनिटे हवीत. चलनांवर ९५ मिनिटे आहेत. रजिस्टर आणि चित्रण दोन्हींत त्या वेळात चार टँकर दिसतात, म्हणजे ८८ मिनिटे, आणि ते बरोबर बसते.

*८१ ऐवजी ७४ का?* बिले आणि रजिस्टर यांत ८१ टँकरचा फरक आहे. त्यातले सात आम्ही वजा केले. ९ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, रजिस्टरमध्ये एकही नोंद नाही, पण सहा चलनांवर सुरक्षारक्षकाची सही आहे. सणाच्या ये-जा करणाऱ्या गर्दीत वहीत लिहायचे राहिले, असे त्या सांगतात. त्या दिवसाचे चित्रण उरलेले नाही, तेव्हा संशयाचा फायदा पुरवठादाराला दिला. सातवा टँकर २० मेच्या रात्रीचा. त्या दिवशी ठाण्यात लोकसभेचे मतदान होते, नेहमीचे रक्षक मतदानाला गेल्याने बदली रक्षक गेटवर होता. चित्रणात टँकर आत येताना स्पष्ट दिसतो. तो आला, म्हणून तो मोजला.

*मॅनेजर.* त्यांचे म्हणणे असे की, पुरवठादाराचा माणूस शनिवारी आठवड्याची चलने एकगठ्ठा आणायचा आणि ते विश्वासाने सह्या करायचे. हे आम्हाला खरे वाटते. १२ ते १४ मे ते रजेवर गावी होते, तरी त्या तारखांच्या अकरा चलनांवर त्यांची सही आहे. खोटेपणा लपवायचा असता तर रजेच्या दिवसांची चलने तरी त्यांनी टाळली असती. मात्र सुरक्षारक्षक बाईंनी एप्रिलच्या मध्याला त्यांना सांगितले होते, “साहेब, माझ्या वहीत इतके टँकर नाहीत.” उत्तर मिळाले, “तुम्ही तुमचं गेट सांभाळा.” हे दुसऱ्या रक्षकानेही ऐकले आहे. त्या दिवसानंतर मॅनेजर ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणू शकत नाहीत. त्यांना पैसे मिळाले, असा मात्र पुरावा नाही.

*तत्कालीन सचिव.* त्यांच्याविरुद्ध एका मोबाइल संदेशाचे छायाचित्र आहे. ते अर्जदाराला कोणीतरी पाठवलेले आहे. मूळ संदेश ज्या फोनवर आहे तो फोन कोणी दाखवला नाही आणि त्यात रक्कमही नाही. सचिवांनी बँकेचे उतारे द्यायला नकार दिला. ते मागण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि नकार म्हणजे गुन्हा नव्हे. काही सभासदांना हे पटणार नाही, याची जाणीव आहे. पण पुढे कधी आपल्यापैकी कोणावर आरोप झाला, तर आपणही हीच मोजपट्टी मागू.

*दरपत्रके.* काम फोनवर ठरले, लेखी दरपत्रक एकही नाही. सचिव आणि खजिनदार दोघांनी चेकवर सह्या केल्या, गेटचे रजिस्टर एकदाही मागवले नाही. दर मात्र जादा नव्हता. आसपासच्या चार सोसायट्यांत याच काळात २,१०० ते २,५०० रुपये दर होता.

४. निष्कर्ष

(अ) सिद्ध, ७४ टँकर, १,७७,६०० रुपये.
(आ) अंशतः सिद्ध: एप्रिलच्या मध्यापर्यंत निष्काळजीपणा, त्यानंतर जाणून केलेले दुर्लक्ष. आर्थिक लाभ सिद्ध नाही.
(इ) सिद्ध नाही.
(ई) सिद्ध. जबाबदारी एकट्या सचिवांची नसून त्या वेळच्या संपूर्ण व्यवस्थापक समितीची.
(उ) सिद्ध नाही.

*वेगळे मत.* आमच्यातल्या लेखापरीक्षक सदस्यांच्या मते, एप्रिलनंतरचे मॅनेजरचे वागणे हे दुर्लक्ष नसून संगनमत आहे. मेमध्ये फरक चाळीसवर गेला, त्याला दुसरे कारण दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. उरलेल्या दोघांना पुरावा तिथवर पोचलेला वाटत नाही. सभेने दोन्ही मते विचारात घ्यावीत.

५. शिफारशी

पुरवठादाराचे जूनचे २,६१,६०० रुपयांचे बिल अजून दिलेले नाही. त्यातून १,७७,६०० रुपये रोखावेत आणि पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. उरलेले ८४,००० रुपयेही जूनची चलने गेटच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्यावरच द्यावेत.

पुरवठादाराने वाद घातला तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशीसाठी उपनिबंधकांकडे अर्ज करावा. पोलिसांत जायचे ठरल्यास लक्षात ठेवावे की घटना १ जुलै २०२४ च्या आधीच्या आहेत, म्हणून गुन्ह्याची कलमे भारतीय न्याय संहितेतली नव्हे, तर जुन्या भारतीय दंड संहितेतली लागतील.

मॅनेजरना बिलांच्या कामातून तात्काळ दूर करावे. कारणे दाखवा नोटीस देऊन पुढची कारवाई सभेने ठरवावी.

सुरक्षारक्षक बाई एजन्सीच्या कंत्राटावर आहेत. जबाब देताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोकरी राहील का, हा. या जबाबावरून त्यांची बदली किंवा कपात होणार नाही, असे संस्थेने एजन्सीला लेखी कळवावे आणि ते २५ ऑगस्टच्या आत कळवावे.

यापुढे प्रत्येक चलनावर टँकर रिकामा झाल्यावर त्याच वेळी गेटवर सही व्हावी, शनिवारची एकगठ्ठा पद्धत बंद करावी. दर सोमवारी विंगचे दोन प्रतिनिधी रजिस्टर आणि चलने ताडून पाहतील. भरणीच्या तोंडावर पाण्याचा मीटर बसवावा. चित्रण नव्वद दिवस राहील अशी व्यवस्था करावी.

मूळ चलने, रजिस्टर आणि सीलबंद पेन ड्राइव्ह संस्थेच्या कार्यालयातल्या कपाटात आहेत. १२ ते २४ ऑगस्ट, रोज संध्याकाळी ७ ते ९ या वेळात समितीच्या एका सदस्याच्या उपस्थितीत कोणीही सभासद ती पाहू शकतील.

चौकशी समितीच्या तिन्ही सदस्यांच्या सह्या
ठाणे, ११ ऑगस्ट २०२४