करा, करावं, केलं असतं: पाठ सहावा

(रात्रपाळीआधीचा साडेपाचचा वर्ग, कराड. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. आधी ती तोंडात बसू द्या, वहीत रोमन लिपीत घरी उतरवा.)

मागच्या आठवड्यात तुमच्यातली एक जण रक्त घ्यायला गेली आणि मराठी न कळणाऱ्या पेशंटला म्हणाली, 'गिव युअर हँड.' तो गृहस्थ तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या मनात वाक्य होतं 'हात द्या', आणि त्यात उद्धटपणाचा लवलेश नाही. 'दे' नाही, 'द्या'. मान त्या शेवटच्या 'आ'मध्ये आहे. इंग्रजी 'गिव'ला असा शेपटीचा मान नाही. नातवाला 'गिव', डॉक्टरांनाही 'गिव'.

मराठी धातूची शेपटी बघा: दे, द्या, देऊ, देवो, द्यावा, दिला असता. हुकूम, मान, परवानगी, आशीर्वाद, सल्ला आणि हुकलेली संधी, सगळं तिथेच. इंग्रजीत हे काम बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी उभा राहणारा मदतनीस करतो: शुड, मस्ट, मे, कुड, वुड, लेट्स. म्हणून भाषांतर करताना 'या प्रत्ययाला इंग्रजीत काय म्हणतात' असं विचारू नका. बोलणाऱ्याला काय हवंय ते विचारा.

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ पाठ केले होते. पैकी स्वार्थात नुसता काळ कळतो, तो चौथ्या पाठात झाला. आज उरलेले तीन.

आज्ञार्थ: कर, करा, करू, करो

'श्वास रोखून धरा.' होल्ड युअर ब्रेथ. एक्स-रेच्या वेळी इतकंच पुरे. तपासणी चालू असताना कुणी लांबलचक विनंती करत नाही, सुरुवातीला एकदा 'प्लीज' म्हटलं की झालं. पण 'जरा हात पुढे करता का?' याला कुड यू पुट युअर आर्म आउट, प्लीज? मराठीत 'जरा', 'हं', 'का' जे करतात ते इंग्रजीत 'कुड यू' करतं.

'ऊ'कारान्त रूप जपून वापरा. 'मी आत येऊ का?' ही परवानगी: मे आय कम इन? 'खिडकी उघडू का?' हा मदतीचा हात: शॅल आय ओपन द विंडो? 'आता मी काय करू?' ही कधी विचारणा असते (व्हॉट शुड आय डू नाउ?), कधी हताशपणा (व्हॉट कॅन आय डू?). आणि 'चला, उठू या' म्हणजे लेट्स गेट अप. उठणारे एकटे आपले पेशंट नाना असले तरी 'लेट्स' चालतं, आपल्यासारखंच.

'करो, होवो' हे रूप रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलं. आशीर्वादात आणि शिव्याशापात मात्र टिकून आहे. 'देव तुमचं भलं करो': मे गॉड ब्लेस यू. 'असं कुणाला न होवो': मे धिस नेव्हर हॅपन टु एनीवन. 'जळो मेलं ते लक्षण' याचं इंग्रजी मी देणार नाही, वॉर्डात लागणार नाही.

सराव १. कोणतं इंग्रजी बरोबर? कारणही सांगा.

१. 'तुम्ही उद्या यायला नको, टाके परवा काढू.' (क) यू मस्ट नॉट कम टुमॉरो. (ख) यू डोन्ट हॅव टु कम टुमॉरो.
२. 'दहानंतर काही खाऊ नका हं.' (क) प्लीज डोन्ट ईट एनीथिंग आफ्टर टेन. (ख) यू डोन्ट हॅव टु ईट आफ्टर टेन.
३. 'लवकर बरे व्हा.' (क) गेट वेल सून. (ख) यू मस्ट गेट वेल सून.

उत्तरं: १ ख, २ क, ३ क. पहिलं चुकलं तर पेशंटला वाटेल, आपल्याला येण्याची बंदी केली. दुसरं चुकलं तर तो 'खायलाच हवं असं नाही ना' म्हणून वडापाव खाऊन ऑपरेशनला येईल. 'यायला नको'मध्ये गरज नाही, 'येऊ नका'मध्ये मनाई आहे. आपण दोन्हीत 'न' बघतो आणि दोन्हीला 'मस्ट नॉट' लावतो. तिसऱ्यात 'मस्ट' लावलं तर शुभेच्छेची ताकीद होते.

विध्यर्थ: करावा, करावी, करावं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थांबू. 'आवा' म्हणजे 'शुड' अशी खूणगाठ बऱ्याच जणींनी बांधली आहे. ती सोडा. ही वाक्यं मोठ्यानं वाचा:

गोळी जेवणानंतर घ्यावी.
नाना आता झोपले असावेत.
हा पाऊस एकदाचा थांबावा.
सांगावं तर घाबरतात, न सांगावं तर रागावतात.

पहिल्यात सूचना आहे. तोंडी सांगताना यू शुड टेक द टॅब्लेट आफ्टर मील्स. पाकिटावर लिहिताना मात्र इंग्रजी सरळ हुकूम देतं: टेक आफ्टर मील्स. आपण पाकिटावर 'घे' लिहिणार नाही, 'घ्यावी' लिहितो, कारण 'घ्यावी'त समोर कुणी नाही, नियम आहे. दवाखान्यातल्या 'येथे थुंकू नये' या पाटीचंही तसंच: डू नॉट स्पिट हिअर.

दुसऱ्यात कर्तव्य कुठे आहे? नानांनी झोपावं असं कुणी म्हणत नाही, दिवा बंद दिसतो म्हणून आपण अंदाज बांधतो. नाना मस्ट बी अस्लीप. 'मस्ट' इथे सक्तीचा नाही, खात्रीचा आहे. मागचा अंदाज असेल तर 'मस्ट हॅव': 'ताप रात्रीच आला असावा', द फीवर मस्ट हॅव स्टार्टेड लास्ट नाइट. आपण भविष्यकाळानेही अंदाज करतो, 'चार वाजले असतील'. तिथेही इट मस्ट बी अबाउट फोर.

तिसऱ्यात इच्छा. पाऊस थांबेल अशी आशा असेल तर आय होप इट स्टॉप्स. वैतागला असाल आणि थांबायचं लक्षण दिसत नसेल तर आय विश इट वुड स्टॉप. मराठी 'थांबावा' दोन्हीला पुरतो, वैताग 'एकदाचा'मध्ये असतो.

चौथं वाक्य प्रत्येक नर्सच्या तोंडचं. त्यात 'आवं' आहे, पण सल्लाही नाही आणि इच्छाही नाही. तो 'तर'बरोबर येऊन अट बनला आहे: इफ वी टेल देम, दे गेट स्केअर्ड, इफ वी डोन्ट, दे गेट अँग्री. इथे 'शुड' घातलात तर अर्थच फिरेल.

एक दिलासा आहे. काढा घ्यावा, गोळी घ्यावी, औषध घ्यावं, गोळ्या घ्याव्यात: औषध बदललं की आपलं क्रियापद बदलतं. इंग्रजीत चारही ठिकाणी 'शुड टेक'.

सराव २. प्रत्येक वाक्य सूचना, अंदाज की इच्छा ते सांगा, मग इंग्रजी करा.

१. मावशी डबा घेऊन खाली गेल्या असाव्यात.
२. जखम ओली होऊ देऊ नये.
३. बाळाचा रिपोर्ट चांगला यावा.
४. नर्स असावी तर अशी!

उत्तरं: १. अंदाज: मावशी मस्ट हॅव गॉन डाउनस्टेअर्स विथ द टिफिन. २. सूचना: डू नॉट लेट द वूंड गेट वेट. ३. इच्छा, आशेची: आय होप द बेबीज रिपोर्ट इज गुड. चौथ्याला तिन्ही खाने तोकडे पडतात, ते कौतुक आहे: दॅट्स व्हॉट अ नर्स शुड बी! गंमत म्हणजे नेमकं इथे 'शुड' बसतं.

संकेतार्थ: केलं तर, केलं असतं तर

'ताप वाढला तर मला बोलवा.' वर्गात निम्म्या जणींनी लिहिलं: इफ द फीवर वेन्ट अप, कॉल मी. 'वाढला' हे रूप भूतकाळाचं, म्हणून 'वेन्ट'. पण ताप अजून वाढलेला नाही, पुढे वाढेल किंवा वाढणार नाही. इंग्रजीत अशा अटीला साधा वर्तमानकाळ लागतो: इफ द फीवर गोज अप, कॉल मी.

आता 'असता'. 'तुम्ही काल आला असता तर डॉक्टर भेटले असते.' मराठीत वाक्याचे दोन्ही पाय सारखे, इकडे 'असता', तिकडे 'असते'. त्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड' लावायची ओढ होते: इफ यू वुड हॅव कम, यू वुड हॅव मेट. चूक. 'वुड' एकाच पायात, 'इफ' नसलेल्या: इफ यू हॅड कम येस्टरडे, यू वुड हॅव मेट द डॉक्टर.

आणखी एक पेच. 'मी तुमच्या जागी असते तर टाके घालून घेतले असते.' हे आज म्हटलं, टाके अजून घालता येण्यासारखे आहेत, तर तो सल्ला: इफ आय वेअर यू, आय वुड गेट द स्टिचेस डन. जखम कधीच भरून गेली आणि आपण मागचं बोलत असलो, तर इफ आय हॅड बीन इन युअर प्लेस, आय वुड हॅव गॉट द स्टिचेस डन. मराठी वाक्य एकच. गोष्ट अजून बदलू शकते का, एवढंच विचारा. बदलू शकत असेल तर 'वुड', वेळ गेली असेल तर 'वुड हॅव'.

सराव ३. चूक शोधून दुरुस्त करा.

१. 'सलाईन संपलं तर बेल वाजवा': इफ द सलाईन फिनिश्ड, रिंग द बेल.
२. 'मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं' (काल विचारलं होतं): इफ आय वुड नो, आय वुड टेल यू.
३. 'वेळेवर आणलं असतं तर पाय वाचला असता': इफ यू वुड हॅव ब्रॉट हिम इन टाइम, हिज लेग वुड हॅव बीन सेव्ड.

उत्तरं: १. इफ द सलाईन रन्स आउट, रिंग द बेल. २. इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू. ३. इफ यू हॅड ब्रॉट हिम इन टाइम, हिज लेग वुड हॅव बीन सेव्ड. तिसरं वहीत लिहा, नातेवाइकांसमोर म्हणू नका, कुठल्याच भाषेत. तिथे आज्ञार्थाचा 'या' कामाला येतो: 'आता काय करता येईल ते बघू या', लेट्स सी व्हॉट वी कॅन डू नाउ.

जाता जाता: उठवत नाही

'नानांना उठवत नाही.' ड्यूटी बदलताना हे वाक्य ऐकून एकीनं लिहिलं: वी डोन्ट वेक नाना. व्याकरणानं चूक म्हणता येणार नाही, 'आम्ही' लपलेला असेल तर तोच अर्थ. पण ताई सांगत होत्या की नानांच्या अंगात उठायचं बळ नाही: नाना कान्ट गेट अप. तसंच 'मला जिना चढवत नाही' म्हणजे आय कान्ट मॅनेज द स्टेअर्स, आणि 'बघवत नाही' म्हणजे आय कान्ट बेअर टु लुक. 'मला पोहता येतं'मधला 'कॅन' शिकलेल्या कौशल्याचा, 'चढवत नाही'मधला 'कान्ट' संपलेल्या ताकदीचा. हँडओव्हर इंग्रजीत लिहिताना कर्ता आधी लिहा, मग क्रियापद.

घरचा अभ्यास: आज रात्री ड्यूटीवर कानावर पडलेली पाच वाक्यं जशीच्या तशी लिहून आणा, 'आवा' किंवा 'असता' असलेली. पेशंटचं नाव लिहू नये. इंग्रजी उद्या वर्गात करू या.