व्यवस्थापक समिती सभा, रविवार ८ फेब्रुवारी २०२६: विषयपत्रिका आणि आधी वाचून यायचे कागद

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या ऑफिसात समितीची सभा आहे. उपविधीप्रमाणे तीन पूर्ण दिवसांची नोटीस पुरते, पण या वेळी वाचायला बरंच आहे म्हणून आठवडाभर आधीच पाठवतोय. गणपूर्तीला अकरापैकी सहा जण लागतात. दुरुस्तीचा विषय मात्र सहा जणांनी उरकू नये असं मला वाटतं, तेव्हा ज्यांना जमणार नसेल त्यांनी आजच सांगा. तारीख बदलता येते का ते बघू.

मागच्या सभेत काय झालं ते आठवतंय ना? तिन्ही कोटेशनं टेबलावर उघडली, प्रत्येकाने शेवटच्या पानावरचा आकडा बघितला आणि दोन तास "हा स्वस्त, तो महाग" एवढंच चाललं. चूक माझीच होती, कागद मी ऐनवेळी दिले होते. म्हणून या वेळी सगळं आधी देतोय. खाली चार पीडीएफ आहेत. १) मागच्या सभेचं इतिवृत्त, २ पानं. २) संरचनात्मक तपासणीचा अहवाल, ६४ पानं, त्यातली वाचायची फक्त ९ (पुढे सांगतो). ३) तिन्ही कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता, ३ पानं. ४) निधीचा हिशेब, १ पान. सगळं मिळून पाऊण तासाचं काम आहे. साने काका, तुमच्यासाठी मोठ्या अक्षरातली छापील प्रत वॉचमनकडे ठेवली आहे. अजून कोणाला हवी असेल तर सांगा.

आणि एक विनंती. हा समितीचा ग्रुप आहे, यातलं काहीही रहिवाशांच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका. मागे एक कोटेशन इथून निघालं आणि संध्याकाळी दुसऱ्या कंत्राटदाराचा मला फोन आला, "त्यांच्यापेक्षा कमी करून देतो." असं झालं की कोटेशन मागवण्यालाच काही अर्थ राहत नाही.

*विषय १. मागील इतिवृत्त कायम करणे (५ मिनिटं)*
दुरुस्ती असेल तर गुरुवारपर्यंत मला कळवा. सभेत शब्द बदलत बसायला नको.

*विषय २. इमारतीची मोठी दुरुस्ती (सव्वा तास)*
सभा खरं म्हणजे याच विषयासाठी आहे.

इमारतीला तीस वर्षं उलटली. त्यामुळे संरचनात्मक तपासणी आता दर तीन वर्षांनी करावी लागते. अहवालात आपली इमारत सी-२बी वर्गात आहे, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती करण्याजोगी. पान ५ ते ८ आणि ४१ ते ४५ एवढी नऊ पानं वाचा. बाकी फोटो आणि मोजण्यांचे तक्ते आहेत, हौस असेल तर बघा. पान ४२ वर ध्वनिलहरींच्या चाचणीचा तक्ता आहे. काँक्रीटमधून लहर किती वेगाने जाते त्यावरून आतून ते किती घट्ट आहे हे कळतं. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर चांगलं, तीनच्या खाली गेलं की शंका घ्यायची. आपल्या ३६ जागांपैकी ७ जागी वेग तीनच्या खाली आहे, आणि त्या सातही जागा बी विंगच्या स्टिल्टमध्ये, संडास-बाथरूमच्या डक्टलगतच्या पिलरांवर आहेत. गळणारे पाइप आणि गंजणारी सळई यांचा हा संबंध आहे. म्हणजे पाइप न बदलता नुसतं प्लास्टर केलं तर चार वर्षांत परत हाच अहवाल हातात येईल.

आता कोटेशनं. तक्त्यात कंत्राटदारांची नावं मुद्दाम दिली नाहीत, अ, ब, क एवढंच लिहिलं आहे. जीएसटी सोडून अ चे ३८,६०,००० रुपये, ब चे ३१,४०,००० आणि क चे ४२,७५,०००. ब सात लाखांनी स्वस्त दिसतो. पण तक्त्याच्या दुसऱ्या पानावर प्लास्टरची ओळ बघा. सल्लागारांच्या मोजमापपत्रकात ११,५०० चौरस फूट आहे, अ आणि क ने तेवढंच धरलंय, ब ने ६,००० धरलंय. उरलेल्या ५,५०० फुटांना ब चाच ११८ रुपयांचा दर लावला की ६,४९,००० वाढतात आणि ब ३७,८९,००० वर येतो. म्हणजे अ आणि ब मध्ये खरा फरक ७१,००० चा. शिवाय गंजलेल्या सळईवरची प्रक्रिया ब च्या कोटेशनमध्ये नाहीच. ते "जादा काम" म्हणून नंतर लावतील आणि तेव्हा पहाड बांधलेला असेल, आपण नाही म्हणू शकणार नाही. गच्चीसाठी ब ने फक्त रासायनिक लेप धरलाय, हमी पाच वर्षं. अ आणि क जुना कोबा फोडून नवा विटांचा कोबा घालणार, हमी दहा वर्षं. क ला २५ टक्के आगाऊ हवेत, अ ला १०.

माझा कल अ कडे आहे. आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे सभेत मी आडून काही करतोय असं कोणाला वाटायला नको. माझं चुकत असेल तर तक्त्यातली ओळ दाखवून खोडा.

एक अवघड गोष्ट. आपल्या एका सदस्याच्या नातेवाइकाचं एका कंत्राटदाराशी काम चालतं. त्यांनी स्वतःच मला येऊन सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार. चर्चेत ते असतील, मतदानाच्या वेळी बाहेर बसतील आणि इतिवृत्तात तशी नोंद होईल. इतर कोणाचं असं काही असेल तर सभेआधी मला किंवा अध्यक्षांना सांगा.

"एवढे पैसे घालण्यापेक्षा रिडेव्हलपमेंटलाच जाऊ" हे कोणीतरी म्हणणारच. म्हणायला हरकत नाही. पण आपलं मानीव अभिहस्तांतरण अजून झालेलं नाही, जमीन सोसायटीच्या नावावर नाही. ते झालं तरी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. ती वाट काही वर्षांची आहे आणि ते सात पिलर तोवर थांबणार नाहीत. म्हणून हा मुद्दा स्वतंत्र विषय म्हणून पुढच्या सभेत घेऊ, रविवारी नको.

*विषय ३. दुरुस्तीसाठी पैसे कसे उभे करायचे (४० मिनिटं)*
हिशेब अ चं कोटेशन धरून मांडला आहे. ३८,६०,००० वर १८ टक्के जीएसटी ६,९४,८००, देखरेखीसाठी सल्लागारांचे ३ टक्के म्हणजे १,१५,८००. एकूण ४६,७०,६००. आपल्याकडे सिंकिंग फंडात १८,२०,००० आणि दुरुस्ती निधीत ९,४५,००० आहेत. सिंकिंग फंडातले ५ लाख हलवू नयेत असा खजिनदारांचा आणि माझा आग्रह आहे, कारण लिफ्टही इमारतीएवढीच जुनी आहे. मग २४,०५,६०० कमी पडतात.

ही रक्कम घरटी सारखी वाटायची की क्षेत्रफळाप्रमाणे, यावर रहिवाशांमध्ये आत्तापासून कुजबुज आहे. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं असतं, त्यामुळे अनेकांना हेही तसंच वाटतं. पण मोठ्या दुरुस्तीची वर्गणी उपविधीप्रमाणे क्षेत्रफळावर लागते. आपली २४ घरं ४५० फुटांची आणि २४ घरं ६५० फुटांची. चौरस फुटाला ९१ रुपये धरले तर लहान घराला ४०,९५० आणि मोठ्याला ५९,१५० येतात. मार्च, एप्रिल, मे असे तीन हप्ते केले तर साधारण १३,६५० आणि १९,७०० चा हप्ता. मोरे वहिनी, तुम्ही म्हणालात तसं पेन्शनवरच्या तीन-चार घरांना हे जड जाणार. त्यांना सहा हप्ते देता येतील का, आणि मधल्या काळात कंत्राटदाराचं बिल कशातून भागवायचं, याचा विचार करून या. माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही.

आपल्या ४८ सभासदांच्या सोसायटीत समितीला सर्वसाधारण सभेशिवाय दुरुस्तीवर खर्च करता येतो तो ५०,००० पर्यंत. सिंकिंग फंडाला हात लावायलाही सभेचीच मंजुरी लागते. तेव्हा रविवारी आपण ठरवायची ती शिफारस, मंजुरी सभासद देतील. विशेष सर्वसाधारण सभा १ मार्चला घ्यावी असा प्रस्ताव आहे. पाच पूर्ण दिवसांची नोटीस चालते, पण मी १४ फेब्रुवारीलाच लावीन. दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्याशिवाय ठोकाठोक सुरू करायची नाही, म्हणून काम पाडव्यानंतर (१९ मार्च) चालू. गच्ची मेअखेर पूर्ण व्हायलाच हवी. म्हणजे आपल्या हातात जेमतेम दहा आठवडे आहेत. रविवारी निर्णय झाला नाही तर या वर्षीही सहाव्या मजल्यावर बादल्या लागणार.

*विषय ४. थकबाकी (१० मिनिटं)*
चार घरांकडे मिळून २,३६,००० थकले आहेत. घरांचे क्रमांक ग्रुपवर टाकणार नाही, सभेत कागदावर दाखवीन. शेवटची नोटीस द्यायची आणि नंतर कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मागायचा का, एवढंच ठरवायचं आहे.

*विषय ५. किरकोळ (१० मिनिटं)*
अग्निशमन यंत्रणेचं जानेवारीचं प्रपत्र ब एजन्सीकडून अजून आलेलं नाही, मी पाठपुरावा करतोय. लिफ्टच्या देखभाल कराराचं नूतनीकरण, दर तोच आहे. ऐनवेळच्या विषयांत पार्किंग काढू नका, त्याला वेगळी सभाच लागेल.

प्रश्न असतील तर गुरुवारी ५ तारखेला रात्री ९ पर्यंत इथेच विचारा. सल्लागार शुक्रवारी लेखी उत्तरं देणार आहेत, रविवारी ते येणार नाहीत. नुसता अंगठा टाकला म्हणजे वाचलं असं मी धरणार नाही हं. प्रत्येकाने दोन गोष्टी एका ओळीत लिहून आणा: कोणता कंत्राटदार आणि का, हप्ते किती. चर्चेला सुरुवात करताना अध्यक्ष त्या चिठ्ठ्या वाचून दाखवतील, म्हणजे पहिला बोलणारा बाकीच्यांना ओढून नेणार नाही.

ज्यांना जमेल त्यांनी साडेनऊलाच बी विंगच्या स्टिल्टमध्ये या. ते सात पिलर खडूने खूण करून ठेवले आहेत, डोळ्यांनी बघू आणि मग वर गच्चीवर जाऊ. गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे. चहा आणि पोहे ऑफिसात, पाऊण वाजेपर्यंत सगळे मोकळे.

सचिव
३१ जानेवारी २०२६, ठाणे