बंड्या, केर काढणारा आणि फरशी पुसणारा रोबो: ॲपवरचा मजकूर आणि बोलके निरोप

मुख्य पान

बंड्या चार्जिंगच्या डॉकवर आहे. बॅटरी 92 टक्के. काल 58 मिनिटांत 47 चौरस मीटर केर काढला.

केर काढ · फरशी पूस · थांब · जागेवर जा

वेळापत्रक

सोमवार ते शनिवार, सकाळी 8:15. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर. फक्त केर. जोर मध्यम.

बुधवार आणि शनिवार, सकाळी 11:30. केर आणि पुसणं. आजींची खोली सोडून.

रविवारी सुट्टी.

चपला, मोजे आणि चार्जरच्या वायरी उचललेल्या असतील अशी वेळ निवडा. मावशी पुसायला येणार असतील त्या दिवशी बंड्याला केरापुरतंच ठेवा. कपाटामागचा कोपरा त्याला जमत नाही, त्यांना जमतो.

वेळापत्रक बंड्याच्या आतच साठवलेलं असतं. वाय-फाय बंद असलं तरी तो वेळेवर निघेल, पण ॲपवर दिसणार नाही. वीज गेली की मात्र डॉकचा इन्फ्रारेड सिग्नल बंद पडतो. मग काम संपल्यावर तो डॉकच्या आसपास घुटमळून तिथेच थांबेल. उचलून बसवा.

*दुपारी 2:00 ची वेळ तुमच्या शांत वेळेत (1:30 ते 4:00) येते. शांत वेळेत बंड्या निघत नाही आणि बोलतही नाही.*
4:00 ला ठेवा · आजच्यापुरतं निघू दे · राहू दे

नकाशा

पहिल्या फेरीत बंड्या केर काढत नाही, नुसतं घर बघतो. सगळी दारं उघडी ठेवा आणि त्याच्या मागेमागे फिरू नका. तुमचे पाय त्याला खुर्चीचे वाटतात.

हॉल आणि स्वयंपाकघर एकच खोली दिसतेय? मध्ये दार नसलं की असं होतं. "खोली तोडा" दाबून ओट्याच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत बोटाने रेघ ओढा.

लाल चौकोनात बंड्या जात नाही. निळ्यात जातो, पण पुसत नाही. तुटक रेघ म्हणजे भिंत. तुमच्या नकाशावर सध्या:

उंबऱ्याच्या आत, लाल, "रांगोळी"
देवघरासमोर, लाल, "समई"
हॉलच्या मधोमध, निळा, "सतरंजी"
बाल्कनीचं दार, तुटक रेघ

रांगोळीचा चौकोन चारी बाजूंनी दहा सेंटीमीटर मोठा काढा. भिंत, पाय, कपाट हे बंड्याला दिसतं. जमिनीलगतची रांगोळी त्याच्या लेखी केरच. शिवाय बाजूचा ब्रश अंगाबाहेर फिरतो, म्हणून चौकोनाच्या कडेने जातानाही तो ठिपके उडवू शकतो.

*हा नकाशा काढून टाकायचा? चौकोन, खोल्यांची नावं आणि वेळापत्रकही जाईल.*
राहू दे · काढून टाका
(या बटणावर "पुसा" मुद्दाम लिहिलेलं नाही. ते फडक्याचं काम.)

बोलके निरोप

आवाज: मोठा. सावकाश बोल: चालू. प्रत्येक निरोप तीनदा, नंतर फक्त ॲपवर.

"मी सोफ्याखाली अडकलोय. मला बाहेर काढा."
हा निरोप त्याच जागी पुन्हा आला तर तिथे लाल चौकोन काढा.

"ब्रशात केस गुंतलेत."
बंड्या बंद करा, मऊ कापडावर उलटा ठेवा. ब्रशावरच्या झाकणाचे दोन्ही खटके दाबून ब्रश बाहेर काढा. केस ब्रशाच्या लांबीच्या दिशेने कात्रीने कापा, ओढू नका. मग दोन्ही टोकांच्या टोप्या काढून बघा: खरा गुंता तिथेच असतो, चकतीसारखा घट्ट बसलेला. तो तसाच ठेवून ब्रश लावलात तर हाच निरोप पुन्हा ऐकू येईल.

"पुढे खोल आहे. मी जात नाही."
जिना नसताना असं म्हणाला तर खाली बघा. काळी सतरंजी किंवा गडद फरशी इन्फ्रारेड किरण शोषून घेते आणि त्याला तिथे खड्डा वाटतो. फरशी फिकी असेल तर पोटाखालचे सेन्सर कोरड्या फडक्याने पुसा. त्यांवर चिकटपट्टी लावू नका. घरात जिना असेल तर तो खरंच खाली पडेल.

"कचऱ्याचा डबा बसलेला नाही."
"टक" ऐकू येईपर्यंत आत ढकला.

"पाणी संपलं."
साधं पाणी भरा. फिनेल नको.

"माझं चाक फिरत नाही."
बहुतेक वेळा दोरा, कधी लसणाचं साल.

"डॉक सापडत नाही."
डॉकला वीज आहे का बघा. समोरची चपलांची रांगही बाजूला करा.

"बॅटरी उतरलीय. चार्ज होऊन उरलेलं काम करतो."
काही करायची गरज नाही.

"काम झालं. डबा भरलाय, रिकामा करा."