गणपती बाप्पा मोरया, याच मातीतून पुन्हा या!

मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ परिसरातल्या सगळ्या तालीम-मंडळांच्या कार्यकर्त्यांना नमस्कार.

वरची घोषणा यंदा मिरवणुकीत दोन बाजूंनी द्यायची. पुढचा गट म्हणेल ‘गणपती बाप्पा मोरया’, मागून उत्तर येईल ‘याच मातीतून पुन्हा या’. ताल तोच, ढोलाचा ठेका तोच. आणि ही घोषणा शब्दशः खरी करायची आहे. पिंपात विरघळलेली शाडू वाळवून कुंभार गल्लीत परत द्यायची, पुढच्या चतुर्थीची मूर्ती तिच्यातूनच घडेल. शाडू काही आपल्या रानातली नाही, बहुतेक गुजरातहून येते. एवढ्या लांबून आलेली माती एकदाच वापरून सोडायची कशाला?

मंडळाचा थाट कमी करा असं या पत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. एकवीस फुटी मूर्ती शाडूची करा, असंही आम्ही म्हणणार नाही, कारण ते जमणारं काम नाही. भरीव मूर्तीची उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं. पोकळ घडवली तरी खालच्या मातीवर वरचा भार येतोच आणि पायाशी तडा जातो. म्हणून उंच उत्सवमूर्ती आहे ती जपा, दरवर्षी रंग-दागिने नवे करा. पूजा आणि विसर्जन ज्या मूर्तीचं, ती दीड-दोन फुटांची मूर्ती तेवढी शाडूची आणा. पुण्यातली कितीतरी मंडळं असंच करतात. मोठी मूर्ती जागेवर राहते, विसर्जन लहान मूर्तीचं होतं.

मांडवाच्या कमानीवर:
उंची मांडवाला, माती बाप्पाला!

वर्गणीच्या पावतीवर:
वर्गणी यंदाची, माती पुढच्या वर्षाचीही!

ऑर्डर लवकर द्या, ही एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. मूर्ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात सांगितली तर कुंभाराला घडवायला, वाळवायला आणि रंगवायला पुरेसे दिवस मिळतात. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत दोन फुटी मूर्ती सावलीत वाळायला दोन-तीन आठवडेही घेते. घाईने उन्हात ठेवली की वरची कातडी आधी आकसते, आतली माती ओलीच राहते, आणि सोंडेच्या वळणावर किंवा दंडाच्या सांध्यात चीर पडते. हात आणि सोंड वाळलेल्या धडाला नंतर चिकटवली तरी तेच होतं. दोन्ही बाजू सारख्याच ओल्या असताना, सांधा खरवडून, शाडूचा पातळ घोळ लावून जोडलेला हात टिकतो.

मूर्ती सांगतानाच कुंभारदादांशी एवढं बोलून घ्या. आधाराला लोखंडी तार नको. बांबूच्या कामट्या, सुतळी किंवा काथ्या चालतो. तार गंजते, आणि माती परत घेताना बोटात घुसते. अंग पोकळ हवं, भिंत साधारण इंचभर, आणि बैठकीच्या तळाला हवा जायला भोक. रंग पाण्यातले: गेरू, हळद, पिवडी. ऑइल पेंट आणि वार्निश टाळायला सांगा. त्यांचा थर पाणी आत जाऊ देत नाही, मूर्ती तासन्‌तास तशीच बसून राहते आणि शेवटी रंगाचे पापुद्रे मातीत मिसळतात. सोनेरी झळाळी हवीच असते, ती हवीच. पण मुकुट, कंठी, बाजूबंद वेगळे, काढून ठेवता येतील असे करून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा चालतात. डोळ्यांची आखणी मात्र कुंभारावर सोडा, तिथे मंडळाची सूचना नको.

आगमनाच्या टेम्पोवर मागे:
हळू चला, बाप्पा मातीचा आहे.

मूर्ती उचलताना हात पाटाखाली घाला. प्रभावळीला किंवा हाताला धरून उचललेली मूर्ती तिथेच तुटते. दोन फुटी मूर्तीला दोन माणसं लागतात, तिसरा वाट मोकळी करायला. टेम्पोत खाली पेंढा किंवा जाड फोम, चारी बाजूंनी उशा, वर प्लास्टिक. पाऊस येणारच असं धरून चाला. वाटेत नखाएवढा टवका उडाला तर घाबरू नका. कुंभाराकडून मूठभर कोरडी शाडू आणि थोडा रंग आधीच मागून ठेवा; घोळ करून भरा, वाळू द्या, वर रंग लावा.

मांडवात मातीला दोन गोष्टी सोसत नाहीत, पाणी आणि एकाच बाजूची धग. पूजेत स्नान सुपारीच्या किंवा धातूच्या गणपतीला घाला, मूर्तीवर दूर्वेने प्रोक्षण पुरे. ओले हार थेट गळ्यात नकोत. पाणी झटकून, मागे खिळ्याला अडकवून घाला आणि निर्माल्य रोज काढा, नाहीतर मांडीवर पाणी साचून रंग फुगतो. हॅलोजन मूर्तीजवळ असेल तर एलईडी लावा. वीजही कमी लागते, आणि पुजाऱ्याला घामही कमी येतो.

विसर्जनाच्या पिंपावर:
फुलं टोपलीत, बाप्पा पाण्यात, माती परत कुंभार गल्लीत!

पिंप मूर्तीपेक्षा हातभर उंच आणि रुंद तोंडाचं घ्या. आत जुनी सुती चादर अंथरून तिची टोकं बाहेर ठेवा, म्हणजे माती उचलायला सोपी जाते. हार, वस्त्र, दागिने, जानवं आधी काढा. आरती झाली की मूर्ती अलगद सोडा, पाणी डोक्यावर वीतभर राहू द्या. ढवळू नका. पूर्ण वाळलेली शाडू पाणी पिऊन आपोआप सुटते. अर्धवट ओली राहिलेली उलट जास्त वेळ घेते. लहान मूर्ती काही तासांत बसते, जाड घडणीच्या मूर्तीला रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी वर आलेलं पाणी हलकेच काढून झाडांना घाला, तरंगणारे रंगाचे पापुद्रे गाळून वेगळे करा, आणि चादरीची मोट बांधून टांगा.

शाडू तुळशीच्या कुंडीत रिकामी करू नका. ती अतिशय बारीक असते, घट्ट बसते, मग पाणी मुरत नाही आणि रोप दमतं. प्रसाद म्हणून चिमूटभर घाला, बाकीची परत द्या.

ज्यांची मूर्ती यंदा आधीच ठरली आहे, त्यांनीही यातलं जे जमेल ते घ्यावं. निर्माल्याची टोपली आणि सुटे दागिने कुठल्याही मूर्तीला चालतात.

मिरवणुकीत माइकवरून सांगायचं:
‘मंडळी, पुढच्या ट्रॉलीवर आपली उत्सवमूर्ती आहे, ती परत मांडवात येणार. मागच्या पालखीत पूजेचा बाप्पा आहे, शाडूचा. तो चौकातल्या पिंपात विसर्जित होईल. हार-फुलं पाण्यात टाकू नका, डावीकडे टोपली आहे, तिथे द्या. आयाबायांना आणि लहान पोरांना पुढे येऊ द्या, सगळ्यांना दर्शन मिळेल. आता एकदा जोरात, गणपती बाप्पा...’

अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, शुक्रवारी आहे. रविवारी, 27 तारखेला सकाळी 8 ते 11 या वेळात हातगाडी दोन्ही पेठांत फिरेल. मातीची मोट बांधून मांडवाच्या दाराशी ठेवा, वर मंडळाच्या नावाची चिठ्ठी लावा. घरगुती गणपतींची माती गौरी-गणपती विसर्जनानंतर तुमच्या पिंपाशेजारी गोळा झाली असेल, तीही द्या. ओली असली तरी चालेल.