बिल क्र. १८४७ : १२ एमएमचे १२ बंडल कमी आले, बाकी माल स्वीकारला, डेबिट नोट सोबत

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
विक्री विभागप्रमुख,
रोलिंग मिल, जालना एमआयडीसी

प्रेषक : खरेदी विभाग, पाथर्डी फाटा कार्यालय, नाशिक

संदर्भ : आमची खरेदी ऑर्डर पीओ/२५-२६/२१८, दि. ५ जानेवारी, आपले बिल क्र. १८४७, दि. ९ जानेवारी, आमची आवक नोंद (जीआरएन) क्र. ४१२, दि. १० जानेवारी

सप्रेम नमस्कार.

वरील बिलाची गाडी शनिवारी, १० तारखेला दुपारी आमच्या गोदामाच्या साइटवर पोचली. ८ एमएम आणि १६ एमएमचा माल बिलाप्रमाणे पूर्ण आहे. १२ एमएमचे बिलात आणि लोडिंग स्लिपवर १३२ बंडल आहेत, उतरले १२०. आलेला सगळा माल आम्ही ठेवून घेतला आहे. न आलेल्या १२ बंडलांची डेबिट नोट याच पत्रात खाली दिली आहे. शनिवारी संध्याकाळी फोनवर बोलणे झालेच आहे, तरी कागद हवा म्हणून सविस्तर लिहितो.

मोजणी कशी झाली ते आधी. गाडी खाली होताना आमचे स्टोअरकीपर आणि आपला ड्रायव्हर दोघे शेजारी उभे होते. दर दहा बंडलांना खडूची एक रेघ, अशा बारा रेघा झाल्या आणि हौदा रिकामा झाला. मुकादमाचा आकडाही १२०च निघाला. तरीही १२ एमएमचा ढीग पुन्हा मोजून घेतला. मधूनच सहा बंडल सोडून पाहिले, प्रत्येकात पाच-पाच बार बरोबर होते, म्हणजे बंडलांची बांधणीच वेगळी असेल ही शक्यता उरली नाही. टॅग आपल्याच मिलचे, हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळतात. मालाच्या दर्जाबद्दल आमची काहीही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहितो.

आता काटा. आपल्या पावतीवर भरलेली गाडी २५,९८० किलो, रिकामी १०,१४०, निव्वळ १५,८४०. आमच्याकडच्या पावतीवर भरलेली २५,३१०, रिकामी १०,१३०, निव्वळ १५,१८०. फरक ६६० किलोचा. रिकाम्या गाडीत दोन्ही काट्यांचा फरक फक्त १० किलो आहे. तेव्हा काटा चुकला असे म्हणायला जागा नाही, फरक आहे तो भरलेल्या गाडीत.

या ६६० किलोंपैकी आम्ही डेबिट ६३१ किलोंचेच टाकले आहे. आपण १३२ बंडलांचे ६,९४० किलो लावले, म्हणजे बंडलाला सरासरी ५२.५८ किलो; त्या हिशेबाने १२ बंडल ६३१ किलो होतात. कोष्टकाचे वजन धरले असते (मीटरला ०.८८८ किलो, १२ मीटरचे पाच बार, बंडल ५३.२८), तर आकडा ६३९ झाला असता. पण बिल आपण प्रत्यक्ष वजनावर केले आहे, कोष्टकावर नाही. आम्ही एक मीटरचा तुकडा कापून तोलला, तो ०.८७६ भरला. कोष्टकापेक्षा दीड टक्क्याच्या आत हलका. आयएस १७८६ मध्ये या जाडीला पाच टक्क्यांपर्यंत सूट आहे, त्यामुळे तक्रार नाही. ज्या वजनाने पैसे लावले त्याच वजनाने ते वजा, एवढेच.

राहिलेले २९ किलो सोडून दिले आहेत. ऑर्डरमध्ये काट्याचा फरक पाव टक्क्यापर्यंत खरेदीदाराने सोसायचा असे ठरले आहे. १५,८४० वर ते जवळपास ४० किलो होतात, त्यात २९ बसतात. टाकीतल्या डिझेलवर आणि ताडपत्रीच्या ओलीवर एवढे मागेपुढे होतेच.

माल कुठे कमी झाला यावर आमचे काही म्हणणे नाही. आपल्या काट्याप्रमाणे तो गाडीत चढला, आमच्या काट्याप्रमाणे तो गाडीत नव्हता. ऑर्डर साइटपोच आहे, भाडे आणि वाटेतली जोखीम दोन्ही आपल्याकडे. एक गोष्ट मात्र लक्षात आणून देतो : गेटपासवर गाडी ९ तारखेला दुपारी ४ वाजता सुटल्याची वेळ आहे आणि आमच्या गेटवर ती दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनला लागली. समृद्धीने यायचे तर जालना ते नाशिक एवढे लांब नाही. फास्टॅगच्या नोंदी ट्रान्सपोर्टवाल्याकडून मागवून घ्याव्यात. ड्रायव्हरशी आम्ही वाद घातला नाही. बिल्टीच्या तिन्ही प्रतींवर पुढील शेरा लिहून त्याची सही घेतली :

«१२ एमएम १२० बंडल मिळाले, १२ बंडल कमी. साइटजवळील काटा निव्वळ १५,१८० किलो. ८ व १६ एमएम बिलाप्रमाणे. ताडपत्री व दोर जागेवर होते.»

ट्रान्सपोर्टवर दावा करायचा असेल तर हा शेरा आपल्या कामी येईल. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. तो दावा आपला आणि त्यांचा. आमच्या डेबिटशी त्याची सांगड घालू नये.

शनिवारी आपल्या डिस्पॅचकडून सुचवले गेले की डेबिट नोट नको, पुढच्या गाडीत १२ बंडल जास्तीचे टाकून देतो. सूचना चांगल्या मनाने आली याची जाणीव आहे, पण ती मान्य करता येत नाही. पुढच्या गाडीत बिलापेक्षा ६३१ किलो जास्त माल निघाला, तर रस्त्यात तपासणीला उत्तर ड्रायव्हरला द्यावे लागेल आणि मागून आपल्याला. आमच्याकडे तर एका बिलात कायमचा तुटवडा आणि दुसऱ्यात कायमची वाढ, असा स्टॉक ऑडिटरपुढे ठेवावा लागेल. शिवाय १२ एमएमची गरज आत्ता होती. सोमवारी सकाळी बारा बंडल नाशिकमध्येच घेतले, स्लॅबची तारीख हलवली नाही. स्थानिक दर आपल्यापेक्षा टनाला १,७०० रुपये चढा पडला. तो फरक आम्ही आपल्या नावावर टाकलेला नाही. तेव्हा या ऑर्डरचे उरलेले ६३१ किलो रद्द समजावेत, वेगळे पाठवू नयेत.

कमी माल आला तर अख्खी गाडी परत करायचा हक्क मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ३७ ने खरेदीदाराला दिला आहे. ठेवून घेतला तर ठरल्या दराने आलेल्या मालाचे पैसे द्यायचे. आम्ही ठेवून घेतला आहे, म्हणून आलेल्या मालाचा दर, मुदत, काहीही बदलत नाही.

डेबिट नोट क्र. ०३१/२५-२६
दिनांक : १२ जानेवारी २०२६
कारण : बिल क्र. १८४७ मधील माल कमी मिळाला

| तपशील | आकडा |
|---|---|
| माल | टीएमटी सळई, १२ एमएम, एफई ५५०डी |
| बिलाप्रमाणे | १३२ बंडल, ६.९४० टन |
| मिळाले | १२० बंडल, ६.३०९ टन |
| कमी | १२ बंडल, ०.६३१ टन |
| दर | ₹ ५१,५०० प्रति टन, साइटपोच |
| मूळ रक्कम | ₹ ३२,४९६.५० |
| सीजीएसटी ९ टक्के | ₹ २,९२४.६९ |
| एसजीएसटी ९ टक्के | ₹ २,९२४.६९ |
| पूर्णांकात | ₹ ०.१२ |
| एकूण डेबिट | ₹ ३८,३४६ |

अक्षरी : अडतीस हजार तीनशे शेहेचाळीस रुपये फक्त.

डेबिट जीएसटीसह का, असे आपले अकाउंट्स विचारतील, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. जो माल हाती आला नाही त्याच्या कराचे इनपुट क्रेडिट आम्हाला घेता येत नाही. मूळ रकमेचेच डेबिट टाकले तर ५,८४९ रुपयांचा कर आम्ही फुकट भरल्यासारखा होईल. आपल्याला तो कर कमी करून घेता येतो, पण आमच्या या डेबिट नोटने नाही. ही फक्त हिशेबाची नोंद आहे. कलम ३४ खाली क्रेडिट नोट आपणच काढायची आणि बिल क्र. १८४७ चा उल्लेख करून जीएसटीआर-१ मध्ये दाखवायची. कायद्याने मुदत ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे, पण तोवर थांबू नये ही विनंती. ३१ जानेवारीच्या आतली तारीख टाकली की ११ फेब्रुवारीच्या रिटर्नमध्ये ती बिलासोबतच जाईल आणि दोघांचाही त्याच महिन्यात निकाल लागेल.

आयएमएसवर बिल अर्धे स्वीकारायची सोय नाही. आम्ही ते नाकारणार नाही, पूर्ण स्वीकारू. क्रेडिट नोट त्याच महिन्यात दिसली तर तीही स्वीकारू आणि हिशेब आपोआप जुळेल. उशिरा आली तर कमी मालाचे क्रेडिट आम्ही ३बी मध्ये स्वतःहून उलटवू, मग नंतर क्रेडिट नोट स्वीकारताना तेच दुसऱ्यांदा उलटवणार नाही. आपल्या सीएंनी त्यासाठी पत्र मागितले तर देऊ.

पैशांचे असे आहे. बिल ९,६९,६५३ रुपयांचे. डेबिट ३८,३४६ वजा जाता देय ९,३१,३०७. मुदत माल पोचल्यापासून ३० दिवस, म्हणजे ९ फेब्रुवारी. त्या दिवशी ही रक्कम आरटीजीएसने जमा होईल, क्रेडिट नोट आलेली असो वा नसो. आपली उद्यम नोंदणी लघु उद्योगाची आहे. त्या कायद्यात मालाबद्दलची हरकत पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यायची असते. हे पत्र ती हरकत समजावे, मात्र फक्त १२ बंडलांपुरती. तिचे निमित्त करून बाकीच्या रकमेची मुदत आम्ही पुढे ढकलणार नाही.

आकड्यांबद्दल काही म्हणणे असेल तर १९ जानेवारीपर्यंत लेखी कळवावे. कुणाला पाठवायचे असेल तर माल साइटवर वेगळा रचून ठेवला आहे, १६ तारखेपर्यंत त्याला हात लावणार नाही. त्यानंतर १२ एमएम कटिंगला जाईल आणि मग मोजून दाखवायला काही उरणार नाही. १९ पर्यंत काहीच कळले नाही तर डेबिट मान्य धरून खाते त्याप्रमाणे ठेवू.

पुढची ऑर्डर, १६ आणि २० एमएमची, ठरल्याप्रमाणे २० तारखेला भरावी. त्या गाडीच्या लोडिंग स्लिपवर जाडीनुसार बंडलांची संख्या आणि ड्रायव्हरची सही दोन्ही असावे. या वेळच्या स्लिपवर संख्या होती, सही नव्हती.

सोबत दोन्ही काटा पावत्या, शेरा असलेली बिल्टी, आवक नोंद ४१२ आणि गाडी खाली होतानाचे फोटो जोडले आहेत. मूळ कागद स्टोअरमध्ये आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
खरेदी विभागप्रमुख

प्रत : अकाउंट्स (९ फेब्रुवारीच्या पेमेंट यादीत ९,३१,३०७ धरावे), साइट स्टोअर (१२ एमएमचा ढीग १६ तारखेपर्यंत हलवू नये)